चिनू, तुझ्या फोटोतली श्रेढीची गणितं, सूत्रात किमती घालून पूर्ण

चिनू, फोटो बघितले दोन्ही. पुस्तकाचं पान तिरकं आलंय आणि ट्यूबलाइटची चमक बरोब्बर दुसऱ्या गणितावर पडलीये, पण वाचता येतंय, फक्त सातवं कडेला कापलं गेलंय. वहीच्या फोटोत मात्र तू नुसती उत्तरं लिहिलीयस, त्यामुळे जिथे चुकलंय तिथे नेमका कुठे घसरलास ते मला अंदाजाने शोधायला लागलं. पेपर तपासणारे सर अंदाज करत बसणार नाहीत रे, त्यांना सूत्र दिसायला हवं, सूत्रात किमती घातलेली ओळ दिसायला हवी, मग उत्तर. ती मधली ओळ सोडायची नाही, उत्तर तोंडी आलं तरी नाही.

आधी सूत्रं. पहिलं पद a, सामान्य फरक d, कितवं पद ते n.

tₙ = a + (n − 1)d

यातला n − 1 कुठून येतो ते एकदा नीट समजून घे, म्हणजे विसरायला होणार नाही. तू आमच्याकडे येतोस ती ट्रान्स हार्बर लाइन डोळ्यासमोर आण. ठाणे पहिलं, दिघा गाव दुसरं, ऐरोली तिसरं, रबाळे चौथं. स्टेशनं चार झाली, पण मधली अंतरं तीनच ना, कारण ठाण्याला तर आपण आधीच उभे आहोत. तसंच पहिलं पद आपल्या हातात असतंच, चौथ्या पदापर्यंत d तीनदाच मिळवायचा. t₄ = a + 3d. नवव्याला 8d, पन्नासाव्याला 49d.

गणित 1. 9, 14, 19, 24, … या श्रेढीचं 27 वं पद काढा.

a = 9, d = 14 − 9 = 5, n = 27

tₙ = a + (n − 1)d
t₂₇ = 9 + (27 − 1) × 5
= 9 + 26 × 5
= 9 + 130
= 139

तुझं 144 आलंय. म्हणजे तू 27 × 5 = 135 करून त्यात 9 मिळवलेस, n − 1 राहिला. स्टेशनं मोजलीस, अंतरं नाही.

गणित 2. यावरच चमक आहे. फोटोत 8, 3, मग काहीतरी 2, मग काहीतरी 7 असं दिसतंय, आणि तू वहीत 8, 3, 2, 7 असं उतरवून घेतलंयस. पण हे बघ, 3 − 8 = −5 आणि 2 − 3 = −1. फरक सारखा नाही, म्हणजे ही अंकगणिती श्रेढीच नाही, आणि पुस्तक तर श्रेढी म्हणतंय. मग 3 मधून 5 वजा केले की काय येतं? −2. त्यातून अजून 5 गेले की −7. म्हणजे चमकेखाली वजाचं चिन्ह आहे दोन्हीकडे. पुस्तकात बघून खात्री कर पण असणारच. d काढताना एकच वजाबाकी करून थांबायचं नाही, निदान दोन करायच्या, त्या अशा वेळी उपयोगी पडतात.

8, 3, −2, −7, … चं 15 वं पद.

a = 8, d = 3 − 8 = −5, n = 15

t₁₅ = 8 + (15 − 1) × (−5)
= 8 + 14 × (−5)
= 8 − 70
= −62

तुझं 78 आलंय कारण d तू 5 घेतलास. d म्हणजे नेहमी पुढचं पद वजा मागचं पद, मोठ्यातून लहान नाही. आणि d ऋण असला की किंमत घालताना त्याला कंसात ठेव, उघडं वजा लिहिलंस की पुढच्या ओळीत ते हमखास गायब होतं. शेवटी उत्तराकडे पण एक नजर टाकायची, श्रेढी उतरतेय, चौथंच पद −7 आहे, मग पंधरावं 78 कसं असेल?

गणित 3. 11, 18, 25, … मध्ये 291 हे कितवं पद आहे? 301 हे या श्रेढीत येईल का?

इथे पद दिलंय, n काढायचाय. सूत्र तेच, फक्त 291 डावीकडे जातं.

a = 11, d = 18 − 11 = 7, tₙ = 291

tₙ = a + (n − 1)d
291 = 11 + (n − 1) × 7
291 − 11 = (n − 1) × 7
280 = (n − 1) × 7
n − 1 = 280 ÷ 7 = 40
n = 41

291 हे 41 वं पद. तू 40 वर थांबलास, ते n − 1 आहे, n नाही. बरेच जण इथेच थांबतात म्हणून "n − 1 =" हे शब्दशः लिहीत जा.

आता 301.

301 = 11 + (n − 1) × 7
290 = (n − 1) × 7
n − 1 = 290 ÷ 7, याला निःशेष भाग जात नाही

n पूर्ण संख्या यायलाच हवी, साडेबेचाळीसावं पद असं काही नसतं, म्हणून 301 या श्रेढीत नाही. पडताळा हवा तर 291 नंतर 298 येतं आणि मग 305, 301 मध्येच राहिलं. हे कारण एका वाक्यात लिहायचं, नुसतं "नाही" लिहून मार्क मिळणार नाहीत.

गणित 4. 5, 8, 11, … या श्रेढीच्या पहिल्या 30 पदांची बेरीज. आता बेरजेचं सूत्र लागतं.

Sₙ = n/2 [2a + (n − 1)d]

a = 5, d = 8 − 5 = 3, n = 30

S₃₀ = 30/2 [2 × 5 + (30 − 1) × 3]
= 15 [10 + 29 × 3]
= 15 [10 + 87]
= 15 × 97
= 1455

तुझं हे बरोबर आलंय, शाब्बास. पण तू विचारलंस ना की हे सूत्र पाठच करायचं का, त्याचं सांगते, कारण मला स्वतःला हा भाग फार आवडतो. तिसावं पद काढ, 5 + 29 × 3 = 92. आता पहिलं आणि शेवटचं मिळव, 5 + 92 = 97. दुसरं आणि शेवटून दुसरं, 8 + 89 = 97. तिसरं आणि शेवटून तिसरं, 11 + 86, परत 97. डावीकडून एक पाऊल आत आलास की 3 वाढतात, उजवीकडून एक पाऊल आत आलास की 3 कमी होतात, मग बेरीज हलणार कशी? तीस पदांच्या 15 जोड्या, प्रत्येकीची बेरीज 97, झालं, 15 × 97. सूत्रातलं n/2 म्हणजे जोड्यांची संख्या आणि चौकटी कंसातलं म्हणजे एका जोडीची बेरीज, बास. n विषम असला तर मधलं एक पद एकटं उरतं, पण ते बरोबर अर्ध्या जोडीइतकंच असतं म्हणून सूत्र तिथेपण चालतं. आपल्या आर्यभटाने इ.स. 499 च्या सुमारास हा बेरजेचा नियम लिहून ठेवलाय, आणि बेरीज दिली तर पदं किती ते उलटं कसं काढायचं तेसुद्धा.

यातूनच दुसरं रूप मिळतं, शेवटचं पद माहीत असेल तेव्हा हे वापरायचं, पटकन होतं:

Sₙ = n/2 [t₁ + tₙ]

तुझा सीबीएसईवाला मित्र याच जागी aₙ किंवा l लिहितो ते बघून गोंधळू नकोस, गोष्ट एकच आहे, तू मात्र तुझ्या पुस्तकातलीच अक्षरं वापर.

गणित 5. चौथं पद 19, अकरावं पद 47, तर पहिल्या 20 पदांची बेरीज काढा. हे तू कोरं सोडलंयस. a पण नाही d पण नाही म्हणून घाबरलास बहुतेक, पण दोन माहित्या दिल्यात म्हणजे दोन समीकरणं, आणि एकसामयिक समीकरणं तर तुझी झालीयेत.

t₄ = 19 → a + (4 − 1)d = 19 → a + 3d = 19 … (1)
t₁₁ = 47 → a + (11 − 1)d = 47 → a + 10d = 47 … (2)

(2) मधून (1) वजा करू, a उडतो:

7d = 28
d = 4

d = 4 ही किंमत (1) मध्ये ठेवू:

a + 3 × 4 = 19
a = 19 − 12 = 7

पुढे जायच्या आधी पडताळा (2) मध्ये घे, (1) मध्ये नको, कारण a तिथूनच काढलाय मग तिथे जुळणारच. 7 + 10 × 4 = 47, जुळलं.

S₂₀ = 20/2 [2 × 7 + (20 − 1) × 4]
= 10 [14 + 19 × 4]
= 10 [14 + 76]
= 10 × 90
= 900

गणित 6. 1 ते 200 मधल्या, 6 ने निःशेष भाग जाणाऱ्या नैसर्गिक संख्यांची बेरीज. इथे श्रेढी आपणच तयार करायची. पहिली 6, मग 12, 18, आणि शेवटची? 200 ला 6 ने भागलं की बाकी 2 उरते, म्हणून 200 − 2 = 198. तू शेवटचं पद 200 घेतलंयस, पण 200 ला 6 ने भाग जातच नाही.

6, 12, 18, …, 198
a = 6, d = 6, tₙ = 198

आधी n:
198 = 6 + (n − 1) × 6
192 = (n − 1) × 6
n − 1 = 32
n = 33

मग बेरीज, शेवटचं पद हातात आहे म्हणून दुसरं रूप:
S₃₃ = 33/2 [6 + 198]
= 33/2 × 204
= 33 × 102
= 3366

इथे 33 ला 2 ने भागून 16.5 करत बसू नकोस, 204 ला 2 ने आधी छेद दे, आकडेमोड सोपी होते आणि दशांशचिन्हाची भानगड राहत नाही.

सातव्याचं फोटोत "एका अंकगणिती श्रेढीच्या पहिल्या" एवढंच दिसतंय, पुढचं कापलंय. पुस्तक टेबलावर सपाट ठेव, ट्यूबलाइट बंद करून खिडकीजवळच्या उजेडात काढ आणि परत पाठव. तोवर पहिली तीन वहीत परत लिही, याच पद्धतीने किमती घातलेल्या ओळीसकट, आणि त्याचापण फोटो पाठव, मी ऑफिसमधून आले की रात्री बघते.