संशोधन सल्लागार समितीसाठी वार्षिक प्रगती अहवाल (सुधारित)

विषय: ऊसतोडीसाठी होणारे हंगामी स्थलांतर आणि मुलांची शाळेतील हजेरी: बीड जिल्ह्यातील धारूर व वडवणी तालुक्यांतील ६ गावांचा अभ्यास
विद्याशाखा: अर्थशास्त्र. नोंदणी: जानेवारी २०२३
अहवाल कालावधी: १ जुलै २०२४ ते ३० जून २०२५

अहवाल पुन्हा का लिहिला

मूळ अहवालात "क्षेत्रकार्य ८६ टक्के पूर्ण, तीन प्रकरणे तयार, उर्वरित काम प्रगतिपथावर" एवढेच होते. झालेले काय आणि राहिलेले काय हे त्यावरून कळत नाही, म्हणून समितीने तो परत केला. ८६ चा आकडा हिशेबाने बरोबर आहे: तीन फेऱ्यांच्या ५४० प्रश्नावल्यांपैकी ४६६ भरल्या. पण पहिल्या फेरीतले ९४ टक्के आणि दुसऱ्या फेरीतले ६२ टक्के त्यात एकत्र मिसळले गेले, आणि संशोधनाचा मुख्य प्रश्न नेमका दुसऱ्या फेरीवर उभा आहे. म्हणून या अहवालात एकत्रित टक्केवारी कुठेही दिलेली नाही. "प्रगतिपथावर" हा शब्दही काढला आहे. त्याजागी काम कोणत्या पायरीवर थांबले आहे ते लिहिले आहे.

झालेले काम

| काम | ठरले होते | झाले |
|---|---|---|
| पहिली फेरी: जाण्यापूर्वी, गावात | २४० कुटुंबे | २२६ |
| दुसरी फेरी: फडावर, कोप्यांवर | ६० कुटुंबे | ३७ |
| तिसरी फेरी: परतल्यावर, गावात | २४० कुटुंबे | २०३ |
| हजेरीपटांच्या नोंदी (६ शाळा × ११ महिने) | ६६ शाळा-महिने | ५४ |
| वर्णनात्मक तक्ते | ९ | ६ |

कोर्सवर्क आणि संशोधन आराखड्याची मंजुरी मागील वर्षीच झाली असल्याने ती येथे मोजलेली नाही.

पहिल्या फेरीतील २२६ कुटुंबांत ६ ते १४ वयोगटाची ३९१ मुले आहेत. न झालेल्या १४ पैकी ९ कुटुंबांनी ऊसतोड सोडली असल्याने ती नमुन्याच्या निकषातच बसत नाहीत. ५ कुटुंबांनी नकार दिला. तिसऱ्या फेरीत पहिल्या फेरीतली २३ कुटुंबे सापडली नाहीत. त्यातली १४ हंगाम संपल्यावर थेट वीटभट्टी किंवा बांधकामावर गेली. ही गळती योगायोगाची नाही. सर्वांत जास्त फिरणारी कुटुंबेच नमुन्यातून गळत आहेत, त्यामुळे मुलांची गैरहजेरी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसण्याचा धोका आहे. विश्लेषणात या १४ कुटुंबांची पहिल्या फेरीतली माहिती वेगळी काढून तुलना करावी लागेल.

हजेरीपटांच्या कामात एक अडचण आराखड्यात धरलेली नव्हती. मूल आई-वडिलांबरोबर गेले तरी त्याचे नाव पटावर राहते, आणि पुढच्या रकान्यांत प्रत्येक शाळा वेगळे लिहिते. एका शाळेत रोज गैरहजेरी मांडली आहे, दुसरीत रकाने कोरे आहेत, तिसरीत शेऱ्यात "स्थलांतरित" लिहून ओळ आडवी मारली आहे. कोरा रकाना गैरहजेरी धरला की शाळांमधला फरक मुलांचा न राहता नोंद ठेवण्याच्या पद्धतीचा होतो. म्हणून आता चार संकेत वापरले आहेत: हजर १, गैरहजर ०, स्थलांतरित म्हणून नोंद ८, कोरे ९. आधी भरलेल्या १८ शाळा-महिन्यांच्या नोंदी याप्रमाणे पुन्हा भरल्या. यात पाच आठवडे गेले, पण ते वाया गेले असे म्हणता येणार नाही. शिक्षण हमी पत्रक मिळालेल्या मुलांची नोंद वेगळ्या रकान्यात आहे.

लेखनाबाबत: पहिल्या प्रकरणाचा दुसरा मसुदा मार्गदर्शकांनी मान्य केला आहे. दुसऱ्या प्रकरणाचा ४६ पानांचा पहिला मसुदा दुरुस्त्यांसह परत आला असून दुरुस्त्या सुरू झालेल्या नाहीत. तिसऱ्याचा फक्त ९ पानांचा आराखडा आहे. तेव्हा "तीन प्रकरणे तयार" हे विधान मागे घेत आहे.

मागे पडलेले काम आणि कारणे

सर्वांत मोठी घसरण दुसऱ्या फेरीची आहे. ती डिसेंबरमध्ये सुरू व्हायची होती, सुरू झाली २० जानेवारी २०२५ ला. मुलांशी बोलण्यासाठी पालकांची संमती आणि मुलांची स्वतःची तयारी, असे दोन वेगळे नमुने नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्यावे लागतात. मंजुरी ९ जानेवारीला मिळाली, पण अर्जच २८ नोव्हेंबरला गेला होता. हा उशीर संशोधकाचा आहे, समितीचा नाही.

राहिलेल्या २३ कुटुंबांपैकी १२ जणांचा ठिकाणा लागला नाही. टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलते, फोनचे सिमकार्ड बदलते, आणि आपल्याकडे फक्त कुटुंबाचा नंबर होता, मुकादमाचा नव्हता. ७ कुटुंबे फेब्रुवारीअखेरीसच गावी परतली. ४ ठिकाणी मुकादमाने बोलू दिले नाही. उचल अंगावर असलेल्या कोयत्याला त्याच्याविरुद्ध जाऊन बोलायला लावणे योग्य नसल्याने आग्रह धरला नाही.

हजेरीपटांचे १२ शाळा-महिने दोन शाळांचे आहेत, नोव्हेंबर ते एप्रिल. विधानसभा निवडणुकीच्या (मतदान २० नोव्हेंबर २०२४) कामामुळे ठरलेली भेट रद्द झाली आणि नंतर नवी तारीख घेतलीच नाही. हे काम दोन दिवसांचे आहे.

पुढील वर्ष: जुलै २०२५ ते जून २०२६

वेळापत्रक महिन्यांपेक्षा हंगामाला बांधले आहे, कारण टोळी निघाली की गावातले काम थांबते.

जुलैमध्ये राहिलेले १२ शाळा-महिने आणि उरलेले ३ तक्ते. ३१ ऑगस्टपर्यंत दुसऱ्या प्रकरणाच्या दुरुस्त्या, १५ नोव्हेंबरपर्यंत तिसऱ्याचा पूर्ण मसुदा.

दुसरी फेरी २०२५-२६ च्या हंगामात नव्याने ६० कुटुंबांसह घेण्याचा प्रस्ताव आहे. दसऱ्यापूर्वी (२ ऑक्टोबर) ६० कुटुंबांची आणि १५ राखीव कुटुंबांची यादी, प्रत्येकाच्या मुकादमाचा, कारखान्याच्या गट कार्यालयाचा आणि गावात मागे राहणाऱ्या एका नातेवाइकाचा नंबर, तसेच संमतीपत्रे गावातच पूर्ण होतील. फडावर पहिली भेट १ डिसेंबरला, शेवटची ३१ जानेवारीला. फेब्रुवारीचे पहिले तीन आठवडे राखीव. ३१ जानेवारीला ४५ पेक्षा कमी कुटुंबे झाली असतील, तर ही फेरी संख्यात्मक विश्लेषणातून काढून गुणात्मक प्रकरण म्हणून लिहिली जाईल. मार्च ते जून विश्लेषण आणि चौथे प्रकरण. पाचव्या प्रकरणाचे लेखन या वर्षात धरलेले नाही, आणि मूळ अहवालातला परिषदेतील शोधनिबंधही वगळला आहे.

किमान तीन वर्षांचा कालावधी जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण होतो. प्रबंधपूर्व सादरीकरण तेव्हा शक्य नाही. ते डिसेंबर २०२६ ला धरले आहे. सहा वर्षांची कमाल मुदत जानेवारी २०२९ ला संपते.

समितीचा निर्णय हवा आहे

१. २०२४-२५ मधली ३७ कुटुंबे आणि २०२५-२६ मधली ६० एकत्र मोजायची का? दोन हंगामांची लांबी वेगळी असेल तर शाळा चुकलेले दिवसही वेगळे येतील. मार्गदर्शकांचे आणि संशोधकाचे मत: एकत्र करू नयेत, ३७ फक्त वर्णनासाठी वापरावीत.

२. तसे ठरल्यास जाण्यापूर्वीची प्रश्नावली ६० कुटुंबांपुरती सप्टेंबरमध्ये पुन्हा भरावी लागेल. त्यासाठी १२ दिवसांचे अतिरिक्त क्षेत्रकार्य मंजूर करावे. यादीचे काम गणेशोत्सवानंतर लगेच सुरू करायचे असल्याने हा निर्णय ३१ जुलैपूर्वी मिळावा.