एक तारा दिलेल्या ग्राहकाला चष्म्याच्या दुकानदाराचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तुम्ही काउंटरवर ठेवून गेलेला चष्मा आधी स्वतः तपासायचा होता. काल सकाळी दुकान उघडण्याआधी तो घेऊन बसलो. चष्म्यात चूक आहे आणि ती आमची आहे. नेमकी कुठे, ते खाली लिहितो.

तुमची तक्रार अशी की समोरचं धूसर दिसतं, हनुवटी खाली केली की जरा बरं वाटतं, जिना उतरताना पायऱ्या हलतात, म्हणजे आम्ही नंबरच चुकीचा टाकला. म्हणून सुरुवात नंबरापासून केली. दोन्ही काचा लेन्सोमीटरवर लावल्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहिल्या. लांबचा नंबर, सिलिंडर, त्याचा अक्ष, जवळचा नंबर, सगळं जुळतं. (आकडे इथे लिहीत नाही, ते तुमचे आहेत.)

मग काचेवर तोंडाची वाफ सोडली. प्रोग्रेसिव्ह लेन्सवर दोन अगदी बारीक खुणा कोरलेल्या असतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. एरवी त्या दिसत नाहीत, वाफ धरली की क्षणभर उमटतात. त्यांच्यावर पेनने ठिपके दिले, कंपनीच्या तक्त्यावर चष्मा ठेवला आणि बुबुळासमोर यायला हवी ती फुली काचेवर काढली. फुलीपासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर ऑर्डरच्या कागदावर १८ मिमी लिहिलंय. तुमच्या चष्म्यात ते २१ भरलं. दोन्ही डोळ्यांना तेवढंच.

३ मिमी म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवली तर होईल तेवढं. ऐकायला काहीच नाही, पण या लेन्समध्ये तेवढ्याने खेळ बिघडतो. वरचा भाग लांबचं बघायला, खालचा वाचायला, आणि दोन्हींच्या मधे एक अरुंद पट्टा, ज्यात नंबर हळूहळू बदलत जातो. फुली वर सरकली की सरळ समोर बघतानाही नजर त्या बदलत्या पट्ट्यात जाते. म्हणून तुम्हाला हनुवटी खाली घ्यावी लागत होती. आणि पायऱ्या बघायला नजर खाली नेली की वाचायचा भाग नेहमीपेक्षा लवकर आडवा येत होता. तुम्ही जे सांगत होतात ते शब्दशः बरोबर होतं.

काच फ्रेममध्ये बसवताना हे झालं. कोणाच्या हातून, ते मला कळलंय, पण ते दुकानातच राहू दे. त्याहून मोठी चूक नंतरची आहे. चष्मा हातात देण्याआधी तो ग्राहकाला घालायला लावून, बुबुळासमोर ठिपका देऊन फुलीशी जुळतोय का हे बघायचं असतं. त्यासाठी ऑर्डरच्या कागदावर खाली उजवीकडे एक चौकोन आहे. तुमच्या कागदावर तो कोरा आहे. तपासून देणं हे माझं काम. मी त्या दिवशी दुकानात नव्हतो, आणि मी नसताना ते कोणी करायचं हे मी कधी ठरवूनच दिलं नव्हतं.

आता 'सवय होईल' या उत्तराबद्दल, कारण तुमचा खरा राग त्यावर दिसतो. काउंटरवरच्या मुलाने तुम्हाला उडवून लावायला ते म्हटलं नाही. मी शिकवलं तेच तो बोलला. पहिल्यांदा प्रोग्रेसिव्ह घालणाऱ्या बऱ्याच जणांना सवय व्हायला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. पण मान विशिष्ट कोनात धरली की नीट दिसतं असं कोणी सांगितलं, तर ते सवयीचं दुखणं नसतं, फिटिंगचं असतं. तिथे चष्मा लगेच परत मोजायला घ्यायचा. हे मी त्याला शिकवलं नव्हतं, काल शिकवलं. तुम्ही दुसऱ्यांदा तेच सांगायला आलात आणि पुन्हा तेच उत्तर मिळालं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. शनिवारच्या गर्दीत किती वेळ थांबावं लागलं यावर वाद घालत नाही. थांबावं लागलं हे खरं.

एक विनंती मात्र आहे. रिव्ह्यूत त्या मुलाचं नाव आलंय, तेवढं काढता आलं तर बघा. बाकी रिव्ह्यू आहे तसा राहू द्या, तारेही.

'वापरलेली फ्रेम नवी म्हणून विकली' हे मात्र मान्य नाही. तुम्ही घेतलेली फ्रेम स्टँडवरचीच होती, त्या रंगातली शेवटची. स्टँडवरची फ्रेम पाचपन्नास जण घालून बघतात, कोणी वापरलेली नसते. पण नोजपॅड पिवळट होते हे मीही काल पाहिलं. ते बदलूनच द्यायला हवे होते. आता बदललेत.

पैसे परत न करण्याचा नियम पावतीमागे छापलाय तो खरा आहे. तुमच्या नंबरासाठी आणि तुमच्या फ्रेमच्या मापाने कापलेली काच दुसऱ्या कोणाला उपयोगाची नसते. मन बदललं तर तो नियम लागू होतो. काम आमच्याकडून चुकलं तर नाही, आणि त्या संध्याकाळी तुम्हाला तो दाखवायलाच नको होता.

तेव्हा तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. लेन्स नव्याने मागवून, तुमच्या समोर मोजून, त्याच फ्रेममध्ये बसवून देतो. पुन्हा काही द्यायचं नाही. लेन्स यायला साधारण आठ दिवस लागतील. किंवा फ्रेमसकट सगळे पैसे परत. यातलं काय, ते तुम्ही ठरवा, मी कारण विचारणार नाही.

पहिला मार्ग घेणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगतो, जी विकतानाच सांगायला हवी होती. माप अचूक बसलं तरी प्रोग्रेसिव्ह लेन्सच्या खालच्या दोन्ही बाजूंना थोडं धूसर दिसणारच. ती त्या लेन्सची घडणच आहे, महागातल्या लेन्समध्ये ते कमी असतं, पण जात नाही. बाजूचं बघायला डोळे न फिरवता मान फिरवावी लागते. तुम्ही लिहिलंय की दिवसभर दोन स्क्रीन शेजारी शेजारी ठेवून काम करता. तुमच्यासाठी फिरायला एक आणि टेबलावर बसून काम करायला वेगळा, असे दोन चष्मे जास्त सोयीचे पडतील असं माझं मत आहे. तसं करायचं असेल तर आधी डॉक्टरांना स्क्रीनचं अंतर मोजून सांगा.

जुना चष्मा तोवर वापरा. रिव्ह्यूत त्याची दांडी सैल झाल्याचं लिहिलंय, येताना तोही आणा, स्क्रू बदलून देतो.

या आठवड्यात रोज सकाळी अकरा ते एक मी स्वतः काउंटरवर आहे. त्या वेळात गर्दी नसते. यायला जमणार नसेल तर पावतीवरच्या नंबरावर नुसतं 'पैसे परत' एवढं कळवा, त्याच दिवशी पाठवतो. चष्मा तुमच्या नावाची चिठ्ठी लावून माझ्या खणात ठेवलाय.

— दुकानाचा मालक