वजनकाटा आजपासून कपाटात

बसा रे सगळे. बूट नंतर सोडा. काल एक जण काट्यावरनं उतरला आणि तोंड पाडून म्हणतोय, "सर, दीड किलो वाढलं." अरे, आदल्या रात्री तांबडा-पांढरा किती वाट्या वरपलास? मिठानं अंगात पाणी धरलंय. एका रात्रीत दीड किलो चरबी चढत नसते!

म्हणून काटा कपाटात. दर चार आठवड्यांनी सकाळी, सरावाआधी, टेप लावायची कंबरेला, मांडीला, पोटरीला. मग कॅलिपर, म्हणजे कातडीखालच्या चरबीची जाडी मोजायचा चिमटा: दंडामागं, पाठीवर, पोटावर, मांडीवर चिमूट धरायची, कायम उजव्या बाजूला. मापं मीच घेणार, हात बदलला की आकडा बदलतो. गुदगुल्या झाल्या तरी हलायचं नाही.

आपल्या स्टॉपरचं बघा, त्याला विचारूनच सांगतोय. गणपतीपासून वजन ७४ चं ७४. पण चार चिमटींची बेरीज ५८ मिलिमीटरवरनं ४६ वर आली, मांडी एक सेंटिमीटर भरली आणि ३० मीटर ४.६ सेकंदांऐवजी ४.४ मध्ये. काट्याला ह्यातलं काय दिसलं?

बाकी कुणाच्या आकड्यावरनं चेष्टा ऐकली, तर मैदानाला दहा फेऱ्या. चला, शर्ट काढा. गोलकीपर पहिला.