पृष्ठ ८७ वरील उदाहरणातील त्रिज्येबाबत

महाल, नागपूर
१८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. संपादक, गणित विभाग,
पुणे

विषय : दहावी भूमिती सराव पुस्तक, 'वर्तुळ' प्रकरण, उदाहरण ९ मधील संभाव्य मुद्रणदोष

महोदय / महोदया,

सोबत वरील पानाचा फोटो जोडला आहे. उदाहरण असे छापले आहे : 'O केंद्र व १२ सेमी त्रिज्या असलेल्या वर्तुळात AB आणि CD या समांतर जीवा केंद्राच्या विरुद्ध बाजूंना आहेत. AB = २४ सेमी, CD = १० सेमी. दोन जीवांमधील अंतर काढा.' उत्तरसूचीत उत्तर १७ सेमी आहे.

त्रिज्या १२ म्हणजे व्यास २४. मग AB हा व्यासच झाला. तो केंद्रातूनच जातो, त्यामुळे 'विरुद्ध बाजूंना' या शब्दांना अर्थच उरत नाही. तरीही गणित रेटले, तर केंद्रापासून AB चे अंतर शून्य, CD चे √११९ आणि उत्तर सुमारे १०.९१ सेमी येते. शेजारच्या आकृतीत मात्र AB केंद्रापासून चांगलीच वर काढलेली आहे.

माझ्या मते त्रिज्या १३ सेमी हवी. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, म्हणून :

√(१३² − १२²) = ५
√(१३² − ५²) = १२
५ + १२ = १७ सेमी

एकच अंक बदलला की विधान, आकृती आणि उत्तर तिन्ही जुळतात. त्रिज्या १२ च ठेवून AB ची लांबी बदलायची म्हटली, तर १७ उत्तरासाठी AB पूर्णांकात येत नाही. म्हणून चूक त्रिज्येतच असावी. अर्थात मूळ हस्तलिखित आपल्याकडे आहे, शेवटचा शब्द आपलाच.

एका विद्यार्थिनीने हेच पान व्हॉट्सॲपवर पाठवले, तेव्हा अंक पुसट आला असेल असे वाटले. पण माझ्या प्रतीतही स्पष्ट २ च आहे. त्याच पानावर उदाहरण ७ मधला ३ नीट उमटला आहे, म्हणजे शाईचा दोष नाही. अक्षरजुळणीतच २ पडला असावा.

यात हुशार मुलांचेच जास्त नुकसान होते. ती रीत बरोबर वापरतात, AB चे अंतर शून्य काढतात आणि मागे १७ पाहून आपलीच पायरी खोडतात. काही जण मग १७ येईल अशी आकडेमोड जुळवत बसतात, ते मला जास्त खटकते.

कृपया मूळ प्रतीशी ताडून पाहावे. चूक असल्यास संकेतस्थळावर शुद्धिपत्र द्यावे आणि पुढील मुद्रणात दुरुस्ती करावी. शिक्षकांसाठीच्या उत्तरपुस्तिकेतही हेच विधान उतरले असेल, तर तेथेही पाहावे. सहामाही परीक्षा दिवाळीआधी असते. त्यापूर्वी दोन ओळींचे उत्तर आले, तर वर्गात अधिकृतपणे सांगता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
वंदना मोहोड
गणित शिक्षिका

सोबत : पृष्ठ ८७ आणि उत्तरसूचीच्या पानाचा फोटो