एकशे विसावं पान

मामंजींच्या वर्षश्राद्धानंतर वेंगुर्ल्याच्या घराची माडी उघडली ती वाटण्यांसाठीच. चिनी बरण्या, पितळी पानदानं, बिलोरी हंड्या, एक लंबकाचं घड्याळ. भावजींना घड्याळ हवं, आमच्या ह्यांनाही घड्याळच. वन्सं तेवढ्या म्हणाल्या, "माका तो गंजिफांचो डबो दिलात तरी पुरे." दोघे भाऊ एका सुरात हो म्हणाले. फुकटात सुटका झाली म्हणून खूश.

पण घड्याळाचं भांडण मिटेना, म्हणून ह्यांनी पुण्याहून एक जुन्या वस्तूंचे पारखी बोलावले. त्यांनी घड्याळ उघडलं. तबकडी जुनी, आतलं मशीन मागाहून बसवलेलं. "पाच हजार, तेही कुणी हौशी भेटला तर." हंड्यांकडे तर त्यांनी धड पाहिलंही नाही.

मग डबा उघडला. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, लाखेनं रंगवलेली गोल पानं. भिंग लावून त्यांनी चटईवर एकेका अवताराची ओळ लावली. एक राजा, एक प्रधान, एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. नऊ ओळी पुऱ्या भरल्या. दहावीत अकराच. मत्स्याचा राजा नव्हता.

"शंभर वर्षांच्या वरचा संच आहे. एकशेवीस पानं असती तर अडीच लाख कुठे गेले नसते. असा अपुरा, साठ हजार."

आमच्या मुलानं अमेरिकेतून लगेच मेसेज केला, इकडे पाठवा, जास्त येतील. पारखी म्हणाले, 1972च्या कायद्यानं असली वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. विषय संपला. भांडण मात्र तिथून सुरू झालं.

"डबो तुका द्यायचो ठरलेलो तेव्हा किंमत माहीत नव्हती," भावजी म्हणाले.

"माका माहीत होती." वन्संनी पर्स उघडली. हळदीकुंकवाच्या पुडीत गुंडाळलेला मत्स्याचा राजा त्यांनी मांडीवर ठेवला. कड थोडी उडालेली, निळा रंग अजून ओला वाटावा असा. "लग्नात बाबांनी दिल्यानी. देव्हाऱ्यात असता."

"म्हणजे चोरलंस!"

"दिल्यानी म्हणतंय मी. तुम्ही दोघे तेव्हा मांडवात केळी मोजत होतात."

ह्यांनी कॅल्क्युलेटर काढला. तिघांत सारखे वाटे म्हणजे त्र्याऐंशी हजार. वन्सं हसल्या. अडीच लाखांतून साठ हजार वजा करा, म्हणाल्या, तेवढी माझ्या एका पानाची किंमत. उरलेल्या साठात तिघे.

हिशेब चुकीचा नव्हता, हेच दोघांना झोंबलं. सोलकढी तशीच राहिली, ताटावरून दोघेही उठले. मला विचाराल तर वन्संचं बरोबर होतं, पण मला कुणी विचारलं नाही.

सध्या डबा कुडाळच्या बँकेतल्या लॉकरमध्ये आहे, चावी भावजींकडे, राजा वन्संच्या देव्हाऱ्यात. लॉकरचं भाडं आमच्या ह्यांच्या खात्यातून जातं, आणि ते एकट्यानं का भरायचं, यावरून काल रात्री पुन्हा फोन झाला.