लॅक ऑपेरॉन: रिप्रेसर कधी बसतो, कधी उठतो

ई. कोलाय या जिवाणूला ग्लुकोज मिळत असेल तर तो लॅक्टोजकडे ढुंकूनही बघत नाही. लॅक्टोज पचवायची यंत्रणा त्याच्याकडे असते, फक्त बंद ठेवलेली. ही यंत्रणा म्हणजे लॅक ऑपेरॉन, एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांचा गट. त्याचं नियंत्रण कसं चालतं, ते झाकोब आणि मोनो या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मांडलं.

आधी वहीत एक आडवी रेघ ओढा. डावीकडून आय जनुक, मग प्रमोटर, म्हणजे जनुकांची नक्कल करणारं आरएनए पॉलिमरेज जिथे बसतं ती जागा, मग ऑपरेटर, म्हणजे रिप्रेसर बसायची जागा, आणि पुढे झेड, वाय, ए ही जनुकं. झेडपासून बीटा-गॅलॅक्टोसायडेज बनतं. ते लॅक्टोज फोडून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज करतं. वायपासून परमिएज, जे लॅक्टोज पेशीत आणतं. एचं ट्रान्सअॅसिटिलेज लॅक्टोज पचवायला लागत नाही, ते सोडून द्या. तिन्ही जनुकांचा एमआरएनए, म्हणजे प्रथिनं बनवायचा संदेश, मात्र एकच. आय जनुकाला स्वतःचा प्रमोटर आहे. तिथून रिप्रेसर, म्हणजे ऑपेरॉन बंद ठेवणारं प्रथिन, थोडाथोडा सतत बनत राहतो.

पहिली पायरी: लॅक्टोज नाही. चार उपघटकांचा रिप्रेसर ऑपरेटरवर घट्ट बसतो आणि आरएनए पॉलिमरेजला काम सुरू करू देत नाही.

दुसरी पायरी: लॅक्टोज आलं. पण परमिएजच नसेल तर ते आत येणार कसं? वर्गात हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं. उत्तर असं, की रिप्रेसर अधूनमधून ऑपरेटरवरून सुटतो, तेवढ्यात थोडा एमआरएनए बनतो. त्यामुळे परमिएज आणि बीटा-गॅलॅक्टोसायडेजचे मोजके रेणू पेशीत कायम असतात.

तिसरी पायरी: हेच बीटा-गॅलॅक्टोसायडेज आत आलेल्या थोड्या लॅक्टोजचं अॅलोलॅक्टोज करतं. खरा इंड्यूसर, म्हणजे ऑपेरॉन चालू करणारा रेणू, हा. पेपरात निम्मी मुलं 'लॅक्टोज' लिहितात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे इंड्यूसर डीएनएला चिकटवणं. तो रिप्रेसरला चिकटतो; रिप्रेसरचा आकार बदलतो, ऑपरेटरवरची पकड सुटते आणि एमआरएनए भराभर बनू लागतो. लॅक्टोज संपलं की अॅलोलॅक्टोजही संपतं आणि रिप्रेसर परत बसतो. प्रयोगशाळेत आपण आयपीटीजी हे अॅलोलॅक्टोजसारखं रसायन घालतो, ते यासाठीच: ते रिप्रेसरला उठवतं, पण बीटा-गॅलॅक्टोसायडेजला फोडता येत नाही.

रिप्रेसर उठला म्हणजे सगळं झालं असं नाही. हा प्रमोटर मुळात कमकुवत आहे. ग्लुकोज कमी झालं की सायक्लिक एएमपी वाढतं, ते कॅप प्रथिनाला चिकटतं आणि ही जोडी प्रमोटरशेजारी बसून पॉलिमरेजला आधार देते. दोन्ही साखरा हजर असतील तर ऑपेरॉन जेमतेम चालतो.

आता एक उत्परिवर्तन सोडवून बघा. आय जनुक बिघडलं, तर लॅक्टोज नसतानाही ऑपेरॉन चालू. अशा पेशीत प्लाझ्मिडवरून, म्हणजे डीएनएच्या वेगळ्या छोट्या गोल तुकड्यावरून, चांगलं आय जनुक घातलं तर नियंत्रण परत येतं, कारण रिप्रेसर पेशीभर फिरू शकतो. ऑपरेटर बिघडला असेल तर प्लाझ्मिडवर चांगला ऑपरेटर देऊन काहीच उपयोग नाही; तो फक्त स्वतःला जोडलेल्या जनुकांपुरता.