वाचन-संचाच्या सारांशासोबत: यात काय नाही

नागपूर, 18 नोव्हेंबर

सेमिस्टर तीनच्या मित्रमैत्रिणींनो,

'विदर्भ आणि राज्यपुनर्रचना' या घटकाचा मूळ संच 214 पानांचा आहे. सोबतचा सारांश 31 पानांचा. मधली 183 पानं कुठे गेली, ते सांगायला ही चिठ्ठी. सारांश उघडण्याआधी ही वाचा. परीक्षेच्या आदल्या रात्री फक्त ती 31 पानं घेऊन बसणाऱ्यांचे चेहरे मला आत्ताच दिसताहेत, म्हणून आधी सांगते.

काही गाळणी निर्धास्त केली आहे. 1948 चं दार कमिशन आणि 1949 ची जेव्हीपी समिती एकेका परिच्छेदात उरकली. राज्यपुनर्रचना आयोगाच्या 1955 च्या अहवालातून मुंबई राज्य आणि विदर्भाबद्दलचा भाग तेवढा ठेवला. फाजल अली, कुंझरू आणि पणिक्कर या तिघांनी आठ जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य सुचवलं, हे सारांशात आहे. मात्र त्याच आयोगाने उरलेला मराठी मुलूख गुजरातसोबत द्विभाषिक राज्यातच ठेवायला सांगितलं होतं, ते एका ओळीत गेलं. ती ओळ चुकवू नका. नाहीतर आयोगाने विदर्भावर खास माया केली असं वाटेल.

आता पान 9. तिथे माझं एक वाक्य आहे: '28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि नोकऱ्या व दरवर्षी नागपुरात एक अधिवेशन मिळालं.' वाचायला सोपं, उत्तरपत्रिकेत उतरवायला त्याहून सोपं आणि तीन ठिकाणी लंगडं.

एक म्हणजे 'मिळालं'. तो नेत्या-नेत्यांमधला समझोता होता, कायदा नव्हे. ज्या राज्याबद्दल तो होता ते राज्यच तेव्हा अस्तित्वात नव्हतं. महाराष्ट्र झाला 1 मे 1960 ला. दुसरं, निधीचं कलम 'एका सरकारच्या गरजांच्या अधीन राहून' या अटीने सुरू होतं, मग लोकसंख्येचं प्रमाण येतं. त्याच कलमात मराठवाड्याच्या मागासपणाकडे विशेष लक्ष द्यायचं आणि दरवर्षी विधानसभेपुढे अहवाल ठेवायचा, हेही आहे. मी अट गाळली, मराठवाडा गाळला आणि अहवालही गाळला. तिसरं आपल्या अंगणातलं. मूळ कलमात सरकारनेच ठरावीक काळासाठी अधिकृतपणे नागपुरात मुक्काम हलवायचा आहे, *आणि* वर्षातून किमान एक अधिवेशन इथे घ्यायचं आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या वाक्यात सरकारचा मुक्काम गळला आणि अधिवेशन उरलं. डिसेंबरमध्ये सिव्हिल लाइन्सला बॅरिकेड लागले की 'करार पाळला' आणि उठले की 'करार मोडला' म्हणणारे आपण सगळे याच अर्ध्या कलमावर भांडतो.

तो अटीचा तुकडा लक्षात ठेवा, कारण पुढे तो पुन्हा भेटतो. घटनेच्या कलम 371(2) मध्ये विकास मंडळांची तरतूद आहे आणि निधीचं न्याय्य वाटपही आहे, पण तिथेही ते राज्याच्या एकंदर गरजांच्या अधीन आहे. नागपूरच्या अधिवेशनाचा मात्र तिथे उल्लेखच नाही. सारांशात करार पान 9 वर आणि कलम पान 22 वर गेल्यामुळे हे नातं दिसत नाही. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा.

सगळ्यात जास्त ओरडा मला पान 18 साठी बसला. दांडेकर समितीने 1984 मध्ये राज्याचा अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये काढला, त्यात विदर्भाचा वाटा 39.12 टक्के. माझ्या पहिल्या मसुद्यात एवढंच होतं, ठळक अक्षरात. मॅडमनी पेन्सिलने समासात फक्त 'आणि बाकीचे?' असं लिहून कागद परत केला. बाकीचे म्हणजे मराठवाडा 23.56 टक्के आणि उर्वरित महाराष्ट्र 37.32 टक्के. तक्ता आता पूर्ण दिलाय. शेवटचा आकडा आपल्याकडच्या पुष्कळांच्या घशाखाली उतरत नाही. माझ्याही उतरला नव्हता, म्हणूनच तो गळला असणार. तो कसा आला हे समितीच्या पद्धतीत आहे आणि पद्धत सारांशात चार ओळींत आहे: रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा बाबी घ्यायच्या, प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीशी ताडायचा आणि सरासरीच्या खाली असलेल्या जिल्ह्याला तूट मोजायची. त्यामुळे उर्वरित महाराष्ट्रातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांची तूटही त्या 37.32 मध्ये धरली गेली. चार ओळींत यातली खाचखोच येत नाही. मूळ अहवालातला पद्धतीचा भाग वाचल्याशिवाय 'अनुशेष' हा शब्द उत्तरात वापरू नका.

डॉ. आंबेडकरांच्या 1955 च्या भाषिक राज्यांवरच्या पुस्तिकेतून मी मराठी मुलखाची चार राज्यं तेवढी उचलली: मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. विभागणी लक्षात राहते, पण तिच्यामागची भीती राहत नाही. ती अशी की मोठ्या राज्यात बहुसंख्य जात अल्पसंख्याकांना सहज चिरडते, लहान राज्यात तेवढी ताकद तिला मिळत नाही. ती पानं मी संक्षिप्त केली नाहीत, पूर्णच गाळली, कारण संक्षेपात ती फक्त 'लहान राज्यं बरी' एवढीच उरत होती. मूळ वाचा. 1948 मधली त्यांची भूमिका एकसंध महाराष्ट्राची होती, तेही सोबत वाचा आणि मधल्या सात वर्षांत काय बदललं असेल ते वर्गात बोलू.

एक गाळणी अशी आहे की पान उलटून सापडणार नाही. सोयीसाठी मी सगळीकडे 'विदर्भ' लिहिलं. मूळ कागदांत कुठे वऱ्हाड आहे, कुठे मध्य प्रांत, तर 1947 च्या अकोला करारात महाविदर्भ. वऱ्हाड आणि नागपूर हे मुलूख सरसकट एक नव्हते. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे गेलेला, तिथे रयतवारी, नागपूरकडे मालगुजारी. शिवाय 1956 पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती, त्या सरकारात हिंदी मुलूखही होता. एकच शब्द वापरून मी ही सगळी शिवण इस्त्री करून सपाट केली आहे. वेळ असता तर पुन्हा उसवली असती.

मूळ संचाच्या दोन प्रती विभागाच्या वाचनालयात आहेत, घरी न्यायच्या नाहीत. झेरॉक्स काढायची तर पान 9 आणि 18 च्या मूळ कागदांपासून सुरुवात करा. शुक्रवारच्या तासाला येताना पान 9 वरचं माझं ते वाक्य तुमच्या शब्दांत दुरुस्त करून आणा. चाळीस शब्दांत बसवून दाखवा. मला अजून जमलेलं नाही.

तुमची टीए